कपॅसिटर भरताना निम्मी ऊर्जा जातेच का?

रामबागची_ताई: मी बारावीचे क्लास घेते. बॅटरीतून CV² निघते, कपॅसिटरमध्ये ½CV² उरते, बाकीची रेझिस्टरमध्ये तापून जाते, असं फळ्यावर लिहिलं. एका मुलानं विचारलं, 100 ओहमच्या जागी 1 ओहम लावला तरी निम्मीच? मी म्हटलं, सूत्रात R येतच नाही. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. "नेहमी निम्मी" असं शिकवणं बरोबर आहे का?

सोल्डरवाला: मुलगा बरोबर बोलतोय. तोटा i²R, मग R कमी तर तोटा कमी. पुस्तकं काही का म्हणेनात.

निवृत्त_अभियंता: सोल्डरवाले, R कमी केलात तेव्हा i जागेवर बसून राहिला का? 12 व्होल्टची बॅटरी, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. 100 ओहमला सुरुवातीचा प्रवाह 0.12 अँपिअर, 1 ओहमला 12. प्रवाह शंभरपट, म्हणजे i² दहा हजारपट. R शंभराव्या हिश्श्यावर आला, तरी उष्णता शंभरपट वेगानं निघते. पण कपॅसिटरही शंभरपट लवकर भरतो. गुणाकार करा, तेवढीच येते: 72 मिलीज्यूल.

ताई, मुलाला मात्र हे सांगू नका, सराफ्यातला हिशोब सांगा. बॅटरी सगळा माल एकाच भावानं देते, कूलॉमला 12 ज्यूल. कपॅसिटर रिकामा असतो तेव्हा पहिल्या थेंबाला त्याच्याकडे भाव शून्य, शेवटच्याला 12. सरासरी 6. विद्युतभार गेला 12 मिलीकूलॉम, बॅटरीनं दिले 144 मिलीज्यूल, जमा झाले 72. भावातला फरक वाटेत कुठेतरी पडणारच. रेझिस्टर फक्त तो किती वेळात पडेल ते ठरवतो.

सोल्डरवाला: मग माझ्या ई-रिक्षाचं काय? 48 व्होल्टचा प्लग कंट्रोलरला लावला की चट्ट करून ठिणगी उडायची, पिना काळ्या पडल्या. महाराणी रोडवरून 100 ओहमचा रेझिस्टर आणला, आधी त्यातून भरतो, मग प्लग लावतो. ठिणगी बंद. म्हणजे ऊर्जा वाचलीच की!

निवृत्त_अभियंता: वाचली नाही, जागा बदलली. कंट्रोलरमध्ये 1000 मायक्रोफॅरड धरले तर 1.15 ज्यूल आधी पिना, तारा आणि बॅटरीच्या आतल्या रोधात जायचे; आता तुमच्या रेझिस्टरमध्ये जातात. वाचल्या त्या पिना. अर्धा सेकंद धरलंत तरी पुरे. प्लग लावताना तरीही ठिणगी दिसली तर समजा कपॅसिटर भरलाच नव्हता, किंवा कंट्रोलर चालू राहिल्यानं मागून प्रवाह ओढत होता.

स्नेहलतागंज_वहिनी: आमच्या पंख्याचा कंडेन्सर पण निम्मी वीज खातो का हो? बिल बघून विचारतेय.

सोल्डरवाला: वहिनी, तो वेगळा. एसीवर तो भरतो आणि परत देतो, स्वतः फार थोडी खातो. पंखा हळू फिरत असेल तर तो बदला, बिलासाठी नको.

पुण्याहून_परतलेला: मला "नेहमी" या शब्दावरच आक्षेप आहे. काकांचा सराफ्याचा हिशोबच सांगतो की निम्मी हा काही निसर्गाचा नियम नाही. आधी 6 व्होल्टला जोडा, भरू द्या, मग 12 ला जोडा. प्रत्येक टप्प्यात 18 मिलीज्यूल जातात, एकूण 36. तोटा निम्म्यावर आला! रेझिस्टरऐवजी कॉइल आणि डायोड घाला, तर कपॅसिटर जवळजवळ 24 व्होल्टपर्यंत चढतो आणि तोटा नावाला उरतो.

उलटंही आहे. रिकामा कपॅसिटर 6 व्होल्टवर आल्यावर हात काढला, तर बॅटरीनं 72 दिले, जमा फक्त 18. तीन चतुर्थांश गेले! पुस्तकातली "निम्मी" फक्त रिकाम्यापासून पूर्ण भरेपर्यंत थांबलात तरच.

निवृत्त_अभियंता: टप्प्यांचं मान्य. पण ताईंच्या प्रश्नात एकच बॅटरी, एकच रेझिस्टर आहे. तिथे निम्मी म्हणजे निम्मी. कॉइल घातलीत की प्रश्नच दुसरा झाला.

पुण्याहून_परतलेला: काका, मग अट लिहा ना फळ्यावर! मुलं "नेहमी" पाठ करतात आणि पुढे चार्जर बनवताना उगाच हात टेकतात.

रामबागची_ताई: "रिकाम्यापासून, एकाच बॅटरीनं, पूर्ण भरेपर्यंत" एवढं लिहिते उद्या. पण तो मुलगा आता विचारणार, R अगदी शून्य केला तर? तेव्हा 72 कुठे जातील?

निवृत्त_अभियंता: शून्य कुठून आणणार? तार आहे, बॅटरीचा आतला रोध आहे.

पुण्याहून_परतलेला: हे उत्तर टाळणं झालं काका. तारेचा वेटोळा म्हणजेही छोटी कॉइलच. रोध अगदी कमी असेल तर प्रवाह मागेपुढे झुलेल, थोडी ऊर्जा लहरींनी बाहेरही जाईल. पण आदर्श बॅटरी, आदर्श तार आणि कॉइलही शून्य मानली तर गणितच मोडतं, असं माझं मत.

निवृत्त_अभियंता: मोडत नाही, प्रश्न चुकीचा मांडला जातो. रविवारी पोहे-जलेबीवर बसू, कागद घेऊन या.