विषय: ओजसचं पहिलं क्रेडिट कार्ड आणि 'मिनिमम ड्यू'

सुनीता, धरमपेठ, नागपूर

नमस्कार मंडळी,
टोरांटो सोडून दोन वर्षं झाली, पण आपली ही मेलिंग लिस्ट सुटली नाही. ओजसला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. बँक ३०,००० च्या एफडीवर २५,००० लिमिटचं कार्ड देते आहे. त्याला सीताबर्डीत पाहिलेला २०,००० चा फोन हवाय. म्हणतो, "आई, दर महिन्याला मिनिमम भरत राहायचं, सिबिल स्कोअर खराब होत नाही." मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला सांगता येत नाहीये.

श्रीकांत, न्यू जर्सी

सुनीता, ओजसचं बरोबर आहे. मिनिमम वेळेवर भरलं की तुम्ही डिफॉल्टर नाही. बाकी इथे एकवीसच्या आत स्वतःचं उत्पन्न किंवा सहकर्जदार दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही, तिकडे सोपं दिसतंय. आत्तापासून स्कोअर चांगला ठेवला तर पुढे एमएसला इकडे आल्यावर उपयोगी पडेल.

वसंतकाका, प्रतापनगर, नागपूर

सुनीता, मी बँकेत कर्जखात्यात वीस वर्षं बसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. श्रीकांत म्हणतो ते अर्धं खरं आहे. मिनिमम वेळेवर गेलं तर क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराचे दिवस लागत नाहीत. पण २५,००० पैकी २०,००० वापरलेले दिसतात, आणि लिमिट असं भरत आलेलं दिसलं की स्कोअर खाली येतो. शिवाय सिबिल अमेरिकेत सहसा चालत नाही, तिथे पोराला बहुतेक शून्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

खरी गोष्ट व्याजाची आहे. ओजसला कागद-पेन घेऊन बसव. समज, फोन १२ जूनला घेतला, बिल ५ जुलैला आलं, शेवटची तारीख २५ जुलै. त्या दिवशी पूर्ण २०,००० भरले तर व्याज शून्य. त्याने मिनिमम म्हणून ५ टक्के, म्हणजे १,००० भरले. आता पोट्ट्याला वाटेल की उरलेल्या १९,००० वर, तेही २५ जुलैपासून व्याज लागेल. तसं होत नाही. बिल पूर्ण फिटलं नाही की बिनव्याजी मुदतच जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून, १२ जूनपासून मोजतात. महिना साडेतीन टक्के दर धरला तर वर्षाचे ४२ होतात. २०,००० वर ४३ दिवसांचे सुमारे ९९०, मग १९,००० वर ५ ऑगस्टपर्यंतच्या ११ दिवसांचे २४०. एकूण १,२३०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२१. पुढचं बिल येईल २०,४५१ चं. हजार भरूनही कर्ज साडेचारशेने वाढलं!

आणि ते पूर्ण फिटेपर्यंत तर्री पोह्याचे पन्नास रुपये कार्डावर टाकले तरी त्याच दिवसापासून व्याज. बिलावर मिनिममचा आकडा ठळक असतो, पण त्याने पाहायचा तो एकूण रकमेचा.

रेखा, मेलबर्न

काका, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या शैक्षणिक कर्जात नागपूरचा भाऊ सहकर्जदार आहे. कोर्स संपून सवलतीची मुदत संपली, हप्ता सुरू झाल्याचा मेसेज माझ्या जुन्या भारतातल्या नंबरवर गेला, आणि दोन हप्ते चुकले. कळताच भरले. पण आता भावाचं घरकर्ज अडलंय. चूक माझी, तर त्याच्या नावावर का?

वसंतकाका

कारण कर्ज दोघांच्याही रिपोर्टमध्ये असतं बाळा. भरून टाकलंस ते बरं केलंस, पण गेल्या ३६ महिन्यांचा इतिहास तिथे दिसत राहतो. त्या दोन महिन्यांचे उशिराचे दिवस पुसले जात नाहीत. भावाला बँकेत लेखी खुलासा आणि भरल्याच्या पावत्या द्यायला सांग. बँक मानेल की नाही, ते मी इथून सांगू शकत नाही. सुनीता, हे ओजसलाही ऐकव. उद्या शैक्षणिक कर्ज घेतलं तर त्याच्या सोबत तूही त्यात असशील.

सुनीता

काका, रात्री कागदावर सगळं मांडलं. खरेदीच्या तारखेपासून व्याज हे त्याने तीनदा विचारलं, मग स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बसला. फोन रोखीने दिवाळीनंतर घेईन म्हणतो. त्याच्या मोबाईलमध्ये एका शॉपिंग अॅपचं 'नंतर पैसे द्या' खातंही सापडलं, ६०० रुपये बाकी! हेही रिपोर्टमध्ये कर्ज म्हणून दिसतं का?

वसंतकाका

मागे बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी असली तर दिसू शकतं. आज ६०० भर. सिबिलच्या साइटवर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, स्वतःचा पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात काय नोंद आहे ते पाहून मला कळव. कार्डाचं मग बघू.