गेटला आडवी गाडी: गोव्यातले तुमचे अनुभव सांगा

म्हापशाची सून: शुक्रवारी बाजाराला आलेले लोक आमच्या गेटला आडवी गाडी लावून निघून जातात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ॲम्ब्युलन्स आली तर आत कशी येणार? अशी गाडी उचलतात का, दंड होतो का, तक्रार कोणी करायची? तुमच्याकडे काय घडलं ते लिहा.

फोंडेकर: दहा तास गाडी हलली नाही तरच पोलीस उचलतात, कायदाच तसा आहे. मी फोनच करत नाही.

निवृत्त हवालदार, पणजी: फोंडेकर, दहा तासांची अट टाकून दिलेल्या गाडीला. मोटार वाहन कायद्याच्या त्याच कलम 127 मध्ये पुढं आहे की पार्किंगला मनाई असलेल्या जागेवरची गाडी उचलायला किंवा जॅमर लावायला गणवेशातला पोलीस सांगू शकतो, तिथं तास मोजायचे नाहीत. आणि कुणाच्या जागेचं प्रवेशद्वार अडवायला नियमानंच मनाई आहे, तुमची पाटी असो वा नसो. दंड कलम 177 खाली, पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत, पुढं 1500 पर्यंत. टोइंगचा खर्च वेगळा, तोही गाडीवाल्याच्याच माथी.

ताई, घर तुमच्या नावावर असायला हवं असं नाही. भाडेकरू, शेजारी, कुणीही 112 ला किंवा वाहतूक पोलिसांना कळवू शकतो. फोटोत नंबरप्लेट, गेट आणि रस्ता एकत्र दिसू द्या. नुसत्या प्लेटवरून गेट अडलं होतं हे कळत नाही. गाडी स्वतः ढकलू नका, ओरखडा उठला तर भांडण तुमच्यावर उलटतं.

कळंगुटकर: आमच्याकडे काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची गाडी. पोलीस आले, पण टोइंगची गाडी दुसरीकडे अडकलेली. त्यांनी चलन फाडलं. मी मागच्या काचेवरच्या नंबरवर भाडेवाल्याला फोन केला. चलन आपल्या नावावर येणार म्हटल्यावर त्यानंच पर्यटकांना समुद्रावरून बोलावून घेतलं. तेव्हा कुठं गेट मोकळं झालं. त्यामुळं चलन झालं म्हणजे वाट मिळाली असं धरू नका.

डिचोलीची मीनल: माझी स्कूटर बँकेसमोरून उचलली होती, तिथं तर कुणाचं गेटही नव्हतं! ती रक्कम परत मिळते का?

निवृत्त हवालदार, पणजी: मीनलबाय, तिथं ‘नो पार्किंग’ होतं का ते आधी बघा. या धाग्यातला प्रश्न वेगळा आहे.

साखळीकर: आमचं गेट सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर. पोलीस म्हणाले, खासगी जागा आहे, आपसात मिटवा.

निवृत्त हवालदार, पणजी: कलम 127 सार्वजनिक जागेसाठी आहे. आतल्या रस्त्यावर सोसायटीचे नियम, नाहीतर दिवाणी कोर्ट. पण लोकांना जायचा हक्क असलेली वाट कायद्यानं सार्वजनिकच, जमीन कुणाचीही असो.

साखळीकर: तिथंच तर घोडं अडलंय. फाटक नाही, वाड्यावरचे सगळे तिथून जातात, आणि बिल्डर म्हणतो रस्ता आमचा. हा हक्क पोलिसांपुढं कोणत्या कागदानं दाखवायचा? कुणी दाखवलाय?