मदत हवी आहे: बाबांचा ताप उतरत नाही, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह, पुढची टेस्ट कोणती?

गडनदी
बाबांना चार-पाच दिवस ताप आहे. डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही निगेटिव्ह आले तरी ताप १०२-१०३ च्या खाली येत नाही. प्लेटलेट ९२ हजार. लॅबवाला म्हणतो पूर्ण फीवर पॅनेल करून टाका, गावातले डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस बघू. मी मुंबईत आहे, भाऊ सकाळपासून लॅबपाशी उभा आहे. पुढे कोणती टेस्ट करायची एवढंच सांगा.

सुलभा_म
विडाल करून घ्या. पावसाळ्यात पाणी खराब असतं, पाच दिवस चढता ताप म्हणजे टायफॉइडच बघायचा. आमच्याकडे सगळ्यांचा असाच निघाला.

काच_आणि_भिंग
विडाल आत्ता नको. पहिल्या आठवड्यात शरीरात तेवढी प्रतिपिंडंच झालेली नसतात, त्यामुळे खरा टायफॉइडसुद्धा निगेटिव्ह येतो. उलट आपल्याकडे निरोगी माणसाच्या विडालमध्येही प्रतिपिंडांचं प्रमाण १:८० सहज सापडतं आणि त्यावर दहा दिवसांची अँटिबायोटिक सुरू होतात. पहिल्या आठवड्यात टायफॉइड शोधायचा तर ब्लड कल्चर, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. लॅबमध्ये रोज हेच बघतो: गोळ्या सुरू झाल्यावर कल्चर येतं आणि बाटलीत काही वाढत नाही.

पण त्याआधी मलेरियाचं सांगा. कार्ड टेस्ट केली की रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं?

कोकण_फिजिशियन
टेस्टचं नाव सांगण्याआधी चार गोष्टी कळल्या पाहिजेत.

ताप नक्की कोणत्या वारी सुरू झाला? ज्या दिवशी अंग तापलं तो पहिला दिवस धरा. डेंग्यूची कोणती टेस्ट, आणि तापाच्या कितव्या दिवशी? पांढऱ्या पेशी किती? रिपोर्टवर प्लेटलेटच्या वर तो आकडा असतो, तो तुम्ही लिहिलेलाच नाही. आणि बाबा कुठे असतात, हल्ली काय काम करत होते?

गडनदी
वय ५८. गाव कुडाळ तालुक्यात. ताप गुरुवारी संध्याकाळी आला. डेंग्यू शनिवारी केली, एनएस१ कार्ड. मलेरियाचंही कार्डच, त्याच दिवशी. शनिवारी पांढऱ्या पेशी ११,२००, प्लेटलेट १ लाख ४० हजार. काल १३,८०० आणि ९२ हजार. न्यूट्रोफिल ८६ टक्के. काम म्हणजे शेतीच. आता टेस्ट सांगा.

रानवारा
प्लेटलेट ९२ वर आल्यात, पपईच्या पानांचा रस सकाळ-संध्याकाळ दोन चमचे सुरू करा आणि रक्तपेढीत आत्ताच नाव घाला. टेस्ट नंतर बघता येतील.

कोकण_फिजिशियन
रानवारा, ९२ हजारांवर प्लेटलेट चढवत नाहीत. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या आसपास आल्यावर तो विचार होतो. आणि रसाने उलटी सुरू झाली तर पोटात टिकणारं पाणीही जाईल.

गडनदी, आज मंगळवार, म्हणजे तापाचा सहावा दिवस आहे, चौथा-पाचवा नव्हे. या एका दिवसाने टेस्टचा क्रम बदलतो. एनएस१ टेस्ट डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधते. पहिल्या चार-पाच दिवसांत ते चांगलं पकडलं जातं, नंतर हळूहळू दिसेनासं होतं. शनिवार हा तिसरा दिवस, म्हणून तो निगेटिव्ह बऱ्यापैकी विश्वासाचा आहे. पण आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर दुसऱ्या वेळी एनएस१ चुकू शकते. आजपासून डेंग्यूचं उत्तर आयजीएमकडे, म्हणजे प्रतिपिंडांच्या टेस्टकडे मागायचं.

मला अडकवतंय ते दुसरंच. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा चार हजारांच्या खाली जातात. इथे प्लेटलेट उतरल्यात आणि पांढऱ्या पेशी चढल्यात. ही जोडी दिसली की कुडाळकडचा माणूस लेप्टोचाच, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचाच विचार करतो. बाबा लावणीला चिखलात उतरले होते का? पायाला जखम, भेगा? पोटऱ्या दाबल्यावर दुखतात का? डोळे लाल पण चिपडं नाहीत, असं आहे का? आणि कालपासून लघवी किती वेळा झाली?

निशिगंध_७
चिकनगुन्यापण करून घ्या. मला गेल्या वर्षी तीन महिने बोटं मिटत नव्हती. सांधे दुखत असतील तर तेच.

गडनदी
सांधे नाही, पोटऱ्या. आई म्हणते हात लावू देत नाहीत, उठून संडासला जाणं जमत नाही. आम्हाला वाटलं तापाने अंग दुखतंय. लावणी गेल्या आठवड्यापर्यंत चालू होती, अनवाणीच असतात. डोळे लाल आहेत. लघवी कालपासून दोनदा, चहासारखी. रविवारपासून सेफिक्झिमच्या गोळ्या चालू आहेत, आणि दोन इंजेक्शनं झाली, तापाचं एक आणि ताकदीचं एक.

काच_आणि_भिंग
हे आधी सांगायला हवं होतं. ‘ताकदीचं’ म्हणजे स्टेरॉइड असेल तर त्यानेही पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिल वाढतात. शनिवारी ११,२०० होत्या, त्याआधी इंजेक्शन होतं का? डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नावं पाठवा. आणि कल्चर आता घेतलं तरी सेफिक्झिममुळे त्यात काही वाढेलच असं नाही.

गडनदी
दोन्ही इंजेक्शनं रविवारची. एक डायक्लोफेनॅक, दुसरं डेक्सा लिहिलंय.

कोकण_फिजिशियन
डेक्सा म्हणजे स्टेरॉइडच. मग शनिवारचा ११,२०० हा स्वच्छ आकडा आहे, कालचा १३,८०० थोडा फुगलेला असेल. तरी दिशा तीच राहते. डायक्लोफेनॅक पुन्हा नको. मूत्रपिंडावर ताण असताना आणि प्लेटलेट पडत असताना ते दोन्हीकडून मारतं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ५०० ची एक गोळी सहा तासांनी. यकृताचे आकडे बिघडलेले निघाले तर तेही डॉक्टर ठरवतील तितकंच.

आता क्रम. यातलं काहीही ‘दोन दिवस बघू’मध्ये बसत नाही. चहासारखी आणि कमी लघवी म्हणजे आजच रुग्णालय.

सगळ्यात आधी मलेरियाची काच, जाड आणि पातळ दोन्ही. कार्ड शनिवारचं आहे आणि एका निगेटिव्हवर मलेरिया सोडायचा नाही. फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार अगदी असाच दिसतो: प्लेटलेट कमी, कावीळ, गडद लघवी. काच तासाभरात वाचून होते, आणि चुकलं तर जीव जातो, म्हणून ती पहिली. निगेटिव्ह आली तर १२ ते २४ तासांनी पुन्हा.

त्याच सुईतून सीबीसी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी बिलिरुबिन आणि एसजीओटी-एसजीपीटी, शिवाय सोडियम-पोटॅशियम. सोबत लघवीची तपासणी. यातून रोगाचं नाव कळत नाही, पण माणूस घरी ठेवायचा की नाही हे कळतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाणही बघा. तो आधीपेक्षा २० टक्के वाढला असेल तर डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून होणारी पाण्याची गळती विसरायची नाही.

त्यानंतर लेप्टो आयजीएम, डेंग्यू आयजीएम आणि झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसची आयजीएम, तिन्ही कार्डाने नव्हे तर लॅबमधल्या एलायझा पद्धतीने. सहाव्या दिवशी ती घेणं योग्य, पण लेप्टोची आज निगेटिव्ह आली तरी चार-पाच दिवसांनी पुन्हा करावी लागते.

सुलभा_म
मग एवढ्या टेस्टचे रिपोर्ट येईपर्यंत पेशंटने काय करायचं? आधी रोग सापडू दे, मग औषध, असंच ना? नाहीतर चुकीचं औषध जाईल.

कोकण_फिजिशियन
इथे नाही. एलायझाचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस जातात आणि लेप्टोत मूत्रपिंड तेवढं थांबत नाही. रक्त घेऊन ठेवायचं आणि त्याच बैठकीत औषध सुरू करायचं. आयजीएम औषधाने पुसली जात नाही, म्हणून रिपोर्टसाठी औषध थांबवायचं कारण उरत नाही. अवयवावर परिणाम दिसत असेल तर शिरेतून सेफ्ट्रायॅक्झोन किंवा पेनिसिलिन, आणि डॉक्सिसायक्लिन. डोस दाखल करणारे डॉक्टर क्रिएटिनिन बघून ठरवतील. भावाने दुकानातून काही घेऊन देऊ नका.

काच_आणि_भिंग
एक मतभेद नोंदवतो. लेप्टोचं झटपट कार्ड मिळतं म्हणून ते लावून मोकळे होऊ नका. निगेटिव्ह कार्ड दाखवून ‘लेप्टो नाही’ म्हणत पेशंट घरी आणलेले बघितलेत. एलायझाच मागा. आणि फीवर पॅनेलमध्ये विडाल, चिकनगुन्या, डेंग्यू सगळं एकदम असतं, पण स्क्रब बहुतेक नसतो आणि क्रिएटिनिनही नसतं, म्हणजे आज ज्याची गरज आहे तेच नाही.

निशिगंध_७
आम्ही घरचे तिघंही असेच लावणीला चिखलात होतो. आम्ही डॉक्सीची गोळी घेऊन ठेवावी का?

कोकण_फिजिशियन
प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोच्या हंगामात प्रतिबंधक डोस दिले जातात. गरोदर बाई असेल तर तिला नको. गोळी घेतलीत तर ग्लासभर पाण्याबरोबर, बसून, आणि लगेच आडवं होऊ नका. घशात अडकली की अन्ननलिका भाजते. पण हे निदान नाही, ताप आला की स्वतंत्रपणे तपासा.

गडनदी
ओरोसच्या रुग्णालयात नेलं, दाखल करून घेतलंय. मलेरियाची काच निगेटिव्ह, उद्या सकाळी पुन्हा घेणार. क्रिएटिनिन २.३, बिलिरुबिन ३.४, एसजीपीटी ९६. पांढऱ्या पेशी १४,१००, प्लेटलेट ७१ हजार. हिमॅटोक्रिट जवळपास कालच्याएवढाच. एलायझाचं रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचाय. सेफ्ट्रायॅक्झोन चालू केलंय. हे लेप्टोच का?

कोकण_फिजिशियन
बिलिरुबिन एवढं वर आणि एसजीपीटी मात्र शंभराच्या आत, हे लेप्टोशी जुळतं. डेंग्यूचं यकृत बिघडतं तेव्हा एसजीओटी बहुतेक बरंच वर जातं आणि बिलिरुबिन मागे राहतं. पण आयजीएम येईपर्यंत मी नाव लावणार नाही. लघवी मोजून घ्यायला सांगा, तासाला किती मिली ते. ती वाढते की नाही हे पुढच्या २४ तासांत प्लेटलेटपेक्षा जास्त सांगेल.

एक गोष्ट आज रात्रीच. सेफ्ट्रायॅक्झोन लेप्टोला चालतं, स्क्रब टायफसला चालत नाही. भावाला सांगा, बाबांचे कपडे काढून किडा चावल्याची खूण नीट बघ: काखा, जांघा, गुडघ्यामागे, लुंगीची गाठ येते ती कमरेची जागा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, कडेने लाल, आणि बहुतेक दुखत नाही, म्हणून पेशंट स्वतः सांगत नाही.

गडनदी
कमरेवर एक आहे. आई म्हणते कुंपणाचा काटा लागला होता. काळी आहे, दुखत नाही म्हणतात. फोटो टाकू?

कोकण_फिजिशियन
इथे नको, आत्ता ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा आणि विचारा की औषधांत डॉक्सिसायक्लिन आहे का. काट्याची खपली असेलही, पण ती बघून त्यांना ठरवू दे.