लातूरचं घर: रिव्हर्स मॉर्गेज करावं की वरच्या खोल्या क्लासच्या पोरींना द्याव्यात?

लातूरच्या काकू
यांचं वय ६७, माझं ६३. यांची ईपीएस-९५ ची पेन्शन अडीच हजारसुद्धा नाही. घर यांनी स्वतः बांधलेलं, यांच्याच नावावर. खाली आम्ही राहतो, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. एजंट म्हणतो ६० लाखांना जाईल. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, रिव्हर्स मॉर्गेज करा, म्हणजे घर बँकेकडे गहाण ठेवून दर महिन्याला पैसे घ्या, आणि वर पोरीही ठेवा, दोन्ही मिळून भागेल. आमच्या गल्लीत एका पोरीचे महिन्याला ३,००० मिळतात, आमच्याकडे चौघी मावतील. दोन्ही करावं का?

नांदेडचा निवृत्त बँकवाला
ताई, दोन्ही एकदम होणार नाही. रिव्हर्स मॉर्गेज घेतल्यावर घराचा काही भाग जरी भाड्याने दिला, तरी बँकेला कर्ज मुदतीआधी वसूल करायचा हक्क येतो. नॅशनल हाउसिंग बँकेच्या नियमांतच ते आहे. सलग वर्षभर घरी न राहणं, घरपट्टी थकवणं, विमा न भरणं, घराच्या मालकीत नवीन नाव घालणं, हेही त्याच यादीत येतं. म्हणजे तुम्ही वर्षभर पुण्याला मुलाकडे राहिलात, तरी अडचण.

आता आकडे बघा. घर ६० लाखांचं धरू. बँक पूर्ण किंमत देत नाही. व्याजासकट एकूण कर्ज किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंत जाऊ देईल असं समजू, म्हणजे ३६ लाख. व्याज साडेदहा टक्के आणि मुदत १५ वर्षं धरली, तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये हातात येतात. १५ वर्षांत तुम्हाला मिळतात जेमतेम १५ लाख, आणि कर्ज उभं राहतं ३६ लाखांचं. मधले २१ लाख निव्वळ व्याज. तुमच्या बँकेचा टक्का आणि दर वेगळा असेल, पण हिशोबाचा चेहरा असाच राहतो.

पुण्यात राहणारा संभाजीनगरकर
साहेब, व्याजाचा आकडा दाखवून म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नका. ते व्याज काकूंना खिशातून भरायचं नाही. हप्ता नाही, मिळालेल्या पैशावर आयकर नाही, मरेपर्यंत दर महिन्याला पैसे येतात आणि घरातून कुणी हलवू शकत नाही. माझ्या आईला आम्ही तिघं भाऊ आळीपाळीने पैसे पाठवतो आणि दर वेळी ती फोनवर संकोचते. आईबापांनी स्वतःच्या घरातून स्वतःचा पैसा काढला, तर त्यात वाईट काय? काकू, मुलासाठी घर राखत उपाशी राहू नका.

नांदेडचा निवृत्त बँकवाला
आयकराचं बरोबर, घरातून हलवत नाहीत हेही बरोबर. मरेपर्यंत राहता येतं, पण पैसे मरेपर्यंत येत नाहीत. मुदत संपली की रक्कम थांबते. काकूंच्या बाबतीत ती त्यांच्या ७८ व्या वर्षी थांबेल, नेमकी औषधपाणी वाढतं तेव्हा. व्याज मात्र चालूच राहतं. त्यानंतर त्या आणखी पाच वर्षं राहिल्या, तर ३६ लाखांचे साठ लाखांवर जातील, म्हणजे घराची आजची पूर्ण किंमत. शिवाय ८,३०० ला आज जे येतं, ते १५ वर्षांनी येणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. घर एकट्या काकांच्या नावावर आहे. कर्ज त्यांनी एकट्याने घेतलं, तर त्यांच्या पश्चात ते लगेच देय होतं आणि काकूंच्या डोक्यावर घर विकायची वेळ येते. दोघं सहकर्जदार असतील, तर दुसरा माणूस असेपर्यंत कर्ज मागत नाहीत. म्हणून आधी काकूंचं नाव मालकीत घ्या. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचं शुल्क वेगळं. हे कर्जाआधी करायचं, नंतर केलं तर तोच नियमभंग.

अंबाजोगाईहून एक भाऊ
आमचं पण असंच हाय. गावात आज्याचा वाडा हाय, आम्ही चौघं भाऊ, नमुना ८ ला अजून आज्याचंच नाव. बँकेत गेलो तर मॅनेजरने कागद बघून परत दिले. सहा खोल्या मोकळ्या पडल्यात. आम्हाला किती कर्ज बसंल?

नांदेडचा निवृत्त बँकवाला
भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. रिव्हर्स मॉर्गेजला घर स्वतः कमावलेलं आणि नाव स्वच्छ लागतं. वडिलोपार्जित, वाटणी न झालेल्या घरावर ते मिळत नाही. आधी वारसनोंद आणि वाटणीपत्र करा. संभाजीनगरकडे गुंठेवारीच्या घरांचीही हीच गत होते, नियमित केल्याचा कागद नसला की बँक पुढे ऐकत नाही.

खोल्या देणारी, लातूर
काकू, मी कित्येक वर्षं क्लासच्या पोरी ठेवते. खोल्याच द्या, पण १२ गुणिले १२,००० असं धरू नका. मे महिन्यात नीट झाली की खोल्या रिकाम्या होतात, नवीन बॅचच्या पोरी यायला जून उजाडतो. दहाच महिने धरा, म्हणजे १,२०,०००. त्यातून लाइट, उन्हाळ्यातले टँकर, रंग, नळ-फिटिंग असे तीसेक हजार जातात. उरले ९०,०००, महिन्याला साडेसात हजार. रिव्हर्स मॉर्गेजच्या जवळपास तेवढंच, आणि घर तुमचंच.

पाण्याचं नीट बघा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा लातूरकर विसरलेला नाही. पोरींचे आईबाप खोली बघायला येतात तेव्हा पलंगाआधी टाकी किती लिटरची ते विचारतात.

कागद सोडू नका. बऱ्याच पोरी १८ च्या आतल्या असतात, म्हणून करार वडिलांच्या नावाने करा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, नोंदणी केलेला. पोलीस ठाण्यात माहिती द्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तोंडी व्यवहारावर एका नोकरदाराला खोली दिली. त्याने दुसऱ्या वर्षी भाडं थांबवलं आणि मी भाडेकरू आहे म्हणून बसला. कराराची नोंदणी करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. लेखी करार नसला, तर वादात राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी खऱ्या धरून चालतात.

पुण्यात राहणारा संभाजीनगरकर
आणि काका आजारी पडले तर? ७५ व्या वर्षी काकूंनी जिना चढून नळ बघायचा, रात्री ११ ला पोरगी आली नाही म्हणून वाट बघायची? ही नोकरीच आहे. पेन्शन म्हणू नका तिला.

खोल्या देणारी, लातूर
नोकरी आहे, खरं आहे. पण यांना रात्री छातीत दुखलं तेव्हा वरच्या पोरींनीच रिक्षा आणली होती. मला ते पैशात मोजता येत नाही.

नांदेडचा निवृत्त बँकवाला
माझं मत, आता अंगात बळ आहे तोवर खोल्या द्या. सत्तरी ओलांडल्यावर, जिना झेपेना झाला की मग रिव्हर्स मॉर्गेजचा विचार करा. वय वाढलं की बहुतेक बँका किमतीचा मोठा हिस्सा मोजतात. फक्त घर फार जुनं होऊ देऊ नका. इमारतीचं अजून किमान २० वर्षं आयुष्य उरलंय असा इंजिनिअरचा दाखला लागतो. तुमचं बांधकाम किल्लारीच्या भूकंपाआधीचं, म्हणजे १९९३ पूर्वीचं आहे का?

लातूरच्या काकू
बांधकाम १९९६ चं, कॉलमवर आहे. बक्षीसपत्राचं यांना आत्ताच वाचून दाखवलं, ते तयार आहेत. पण मुलाला एक विचारायचंय: आमच्या मागे बँक घर थेट विकते का, त्याला काहीच मिळत नाही?

नांदेडचा निवृत्त बँकवाला
आधी वारसांना विचारतात. कर्ज फेडून तो घर सोडवू शकतो. नाही सोडवलं तर बँक विकते, कर्ज वळतं करून उरलेले पैसे त्याला देते. विक्रीत कमी आले तर फरक त्याच्याकडून वसूल करत नाहीत. घर सोडवायला त्याला किती दिवस मिळतील ते मंजुरीपत्रात असतं, सही करण्याआधी ते पान त्यालाच वाचायला सांगा.