मदत हवी आहे: पायाभूत वर्ष बदलल्यावर जुनी मालिका कशी जोडावी?

औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा दरमहा आपोआप अद्ययावत होणारा दीर्घकालीन आलेख मी सांभाळतो. सप्टेंबर 2020 पासून लेबर ब्युरोने पायाभूत वर्ष 2001 ऐवजी 2016 केले, त्यामुळे ऑगस्टचा 338 हा आकडा सप्टेंबरमध्ये एकदम 118.1 झाला. सर्वसाधारण निर्देशांकासाठी जाहीर झालेल्या 2.88 या लिंकिंग फॅक्टरने मी जुने सर्व आकडे भागतो. ऑगस्टचा आकडा 117.4 येतो, सांधा सुरळीत जुळतो आणि जुन्या काळातील टक्केवारीतील बदलही अबाधित राहतात.

माझी अडचण वेगळीच आहे. जुन्या मालिकेची 2016 ची मासिक सरासरी सुमारे 274 असल्यामुळे, 2.88 ने भागल्यावर ते वर्ष आलेखावर 100 ऐवजी 95 च्या आसपास दिसते, आणि अक्षावर ‘2016 = 100’ असे लिहिलेले वाचून लोक साहजिकच शंका घेतात. उलट 2.74 ने भागले, तर 2016 बरोबर 100 वर येते, परंतु ऑगस्टचा आकडा 123 च्या वर जातो आणि सप्टेंबरमध्ये चार टक्क्यांहून अधिक घसरण दिसते, जी बाजारात कधी झालीच नाही.

माझ्या मते सांध्याची अखंडता महत्त्वाची, म्हणून 2.88 च योग्य. मग अक्षावर नेमके काय लिहावे? शिवाय अन्नगटाचा लिंकिंग फॅक्टर वेगळा असल्याने, जोडलेल्या गटांची भारित बेरीज जोडलेल्या सर्वसाधारण निर्देशांकाशी जुळत नाही. हा फरक आपण आलेखात कसा हाताळता?