‘पुनरावृत्त मूळ’ आणि ‘चिन्ह बदलत नाही’

कोरीवही

बहुपदींच्या असमानतांवरची टिपणं मराठीत आणतेय. एका वाक्यावर गाडी अडली आहे. सध्या असं लिहिलंय: “मूळ पुनरावृत्त असेल तर त्या शून्याच्या दोन्ही बाजूंना बहुपदीचं चिन्ह तेच राहतं, बदलत नाही.” उदाहरण (x+2)(x−1)²(x−3) ≤ 0 असं आहे.

‘पुनरावृत्त’ फार जड वाटतो. ‘आवर्ती मूळ’ म्हटलं तर चालेल का? तो शब्द शाळेपासून कानावर असतो. शिवाय एकाच वाक्यात मूळही आलंय आणि शून्यही. कोणता ठेवू?

घोकंपट्टी

आवर्ती चालेल की. अर्थ पोचला म्हणजे झालं. मला तर हे असंच पाठ आहे: संख्यारेषेवर मुळं मांडायची, उजव्या टोकाला अधिक लिहायचं, डावीकडे येताना प्रत्येक मुळाला चिन्ह पालटायचं आणि पुन्हा आलेलं मूळ लागलं की पालटायचं नाही. वाक्य बरोबर आहे तुमचं.

जुनाखडू

आवर्ती नको. आवर्ती दशांश अपूर्णांकात अंक संपतच नाहीत, तेच तेच येत राहतात. ‘आवर्ती’ म्हटलं की डोळ्यांसमोर 0.333… येतं. इथे कंस दोनदाच आलाय, तो येत राहत नाही.

आणि घोकंपट्टी, वाक्य बरोबर नाही. कंसावरचा 2 खोडून 3 करा. मूळ अजूनही पुनरावृत्तच आहे, उलट जास्तच. पण (x−1)³ हा 1 च्या डावीकडे ऋण आणि उजवीकडे धन असतो, म्हणजे चिन्ह बदललं. शब्दाची खरी अडचण जडपणाची नाहीच. ‘पुनरावृत्त’ हा शब्द पुन्हा आलं एवढंच सांगतो, किती वेळा ते सांगत नाही. आणि चिन्ह बदलणार की नाही हे तर त्या ‘किती वेळा’वरच ठरतं. सम वेळा आलं तर तेच राहतं, विषम वेळा आलं तर बदलतं.

उंबरठा

हे सगळं विवेचक शून्य असण्याबद्दल चाललंय ना? मग शाळेत रुळलेला शब्द आहेच की: ‘वास्तव व समान मुळे’. x²−6x+9 > 0 सोडवा, विवेचक शून्य, म्हणून 3 सोडून सगळ्या वास्तव संख्या. नवा शब्द कशाला हवा?

जुनाखडू

वर्गबहुपदीपुरतं तुमचं अगदी बरोबर. तिथे समान म्हणजे दोनच असू शकतात, त्यामुळे ‘किती वेळा’ हा प्रश्न पडत नाही. घात वाढला की पडतो. चौथ्या घाताच्या बहुपदीला ‘समान मुळे’ आहेत म्हटलं तर कोण कोणाशी समान? दोन, तीन की चारही?

तिरकीमात्रा

शिवाय ‘समान मुळांमुळे चिन्ह बदलत नाही’ असं लिहून बघा आणि मोठ्यांदा वाचा. :)

शून्य आणि मूळ यांबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ समीकरणाचं आणि शून्य बहुपदीचं, हा भेद कागदावर ठीक आहे. पण “त्या शून्याच्या दोन्ही बाजूंना” हे वाचलं की वाचक संख्यारेषेवर थेट 0 वर जाऊन उभा राहतो. तुमच्या उदाहरणात 0 हे काही बहुपदीचं शून्य नाही. तिथे किंमत −6 आहे. सरळ ‘मूळ’ ठेवा.

कोरीवही

हे डोक्यातच आलं नव्हतं. शून्य काढते. मग ‘दुप्पट मूळ’, ‘तिप्पट मूळ’ असं केलं तर? संख्या तरी कळेल.

तिरकीमात्रा

अजिबात नको. 1 चं दुप्पट 2. ‘दुप्पट मूळ’ म्हणजे मूळ 1 ऐवजी 2 घ्यायचं असं वाटेल कुणाला तरी. दुहेरी, तिहेरी म्हणा. पुढे गाडी अडली तर चौपदरी म्हणा, रस्त्यासारखं.

घोकंपट्टी

सम-विषम मान्य. माझ्या पाठांतरात ते नव्हतं. पण या उदाहरणाचं उत्तर तर माझ्या पद्धतीनेही तेच येतं ना?

जुनाखडू

येतं, कारण इथे घात नेमका 2 आहे. तरी एकदा हाताने करून बघू, म्हणजे शब्द कुठे गोंधळ घालतो ते दिसेल. मुळं −2, 1 आणि 3. रेषेचे चार तुकडे झाले. 4 घातलं तर 6 · 9 · 1 = 54, धन. 2 घातलं तर 4 · 1 · (−1) = −4, ऋण. 0 घातलं तर 2 · 1 · (−3) = −6, पुन्हा ऋण. −3 घातलं तर (−1) · 16 · (−6) = 96, धन. म्हणजे 3 ओलांडताना चिन्ह बदललं, 1 ओलांडताना नाही, −2 ओलांडताना पुन्हा बदललं. ≤ 0 चं उत्तर −2 पासून 3 पर्यंत सलग, दोन्ही टोकांसकट.

आता घात 3 करा. 2 ला किंमत तीच −4 राहते, पण 0 ला 2 · (−1) · (−3) = 6 येते. उत्तर पार बदललं: −2 आणि त्याच्या डावीकडचं सगळं, शिवाय 1 पासून 3 पर्यंत. तुमच्या पाठांतराने इथे चुकीचं उत्तर आलं असतं, आणि 2 एवढंच घालून पडताळा घेतला असता तर चूक सापडलीही नसती.

मागचाबाक

माझं दुखणं वेगळं आहे. याच जातीचं उदाहरण होतं, फक्त ≥ 0. मी म्हटलं (x−1)² कधी ऋण होत नाही, मग भागून टाकू. उरलं (x+2)(x−3) ≥ 0, उत्तर x ≤ −2 किंवा x ≥ 3. अर्धे गुण कापले. चिन्ह बदलत नाही म्हणजे त्या मुळाने काही फरकच पडत नाही ना?

जुनाखडू

फरक पडतो, आणि ‘बदलत नाही’ या शब्दांनी नेमकी हीच फसगत होते. चिन्ह अलीकडे ऋण, पलीकडे ऋण. पण खुद्द 1 वर किंमत शून्य आहे, आणि शून्याला ना धन म्हणता येत ना ऋण. तुमच्या असमानतेत बरोबरी चालते, म्हणून 1 उत्तरात हवा. आजूबाजूला कुणी नाही, एकटाच बिंदू. भागताना x = 1 ला भाजक शून्य होतो, तो तिथेच हातातून निसटला. भागायचंच असेल तर आधी 1 बाजूला काढून तपासायचा, मग भागायचं.

याच बहुपदीला < 0 दिलं असतं तर उलटं झालं असतं. −2 ते 3 या सलग पट्ट्यात 1 ला भोक पडलं असतं. ‘मूळ निरुपयोगी’ समजणारा ते भोक बुजवून टाकतो.

उंबरठा

म्हणजे माझ्या x²−6x+9 > 0 मधला ‘3 सोडून’ हेच ते भोक. बरं, ≥ असतं तर तेही गेलं असतं.

आकडेमोड

मी हे यंत्रावर करतो, म्हणून माझा अनुभव सांगतो. कंस सोडवलेलं रूप दिलं होतं: x⁴−3x³−3x²+11x−6. मुळं काढल्यावर 1 दोनदा यायला हवा होता. आले एकाच्या अलीकडे-पलीकडे इवल्याशा फरकाचे दोन आकडे. मी ते दोन वेगळी मुळं धरून तुकडे पाडले, तर मधल्या चिमुकल्या तुकड्यात चिन्ह धन. तेव्हापासून मला ‘चिन्ह बदलत नाही’ हे खोटंच वाटतं.

जुनाखडू

फार छान उदाहरण आणलंत. 1 च्या अगदी जवळ (x+2) जवळपास 3 आणि (x−3) जवळपास −2, म्हणून सगळी बहुपदी जवळपास −6(x−1)² सारखी वागते. शेवटची −6 ही संख्या किंचित सरकवून −5.9994 करा. आता 0.0006 ची भर पडली, म्हणून (x−1)² सुमारे 0.0001, म्हणजे मुळं 0.99 आणि 1.01 च्या आसपास, आणि मध्ये किंमत धन. उलट −6.0006 केलं तर 1 जवळ वास्तव मूळच उरत नाही. सहगुणकात 0.0006 चा फरक, मुळात मात्र 0.01 चा. दुहेरी मूळ असंच नाजूक असतं. यंत्राने दिलेले असे जवळजवळचे आकडे दिसले की आधी दिलेल्या बहुपदीत नेमका 1 घालून बघा: 1−3−3+11−6 = 0. मग विकलजात घाला: 4−9−6+11 = 0. दोन्हीकडे नेमकं शून्य आलं म्हणजे मूळ निदान दुहेरी आहे, मधला तुकडा आकडेमोडीने जन्माला घातलाय.

आकडेमोड

सहगुणक पूर्णांक होते म्हणून हे जमलं. मोजमापातून आलेले असते तर दुहेरी की जवळजवळची दोन, हे कळायला मार्गच नाही.

जुनाखडू

खरं आहे. तिथे माझ्याकडेही उत्तर नाही.

तिरकीमात्रा

पण यातून मला वेगळंच सुचतंय. ती दोन मुळं एकमेकांकडे सरकत एकत्र आली, तर चिन्ह ‘बदलत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘एकाच जागी दोनदा बदलतं’ म्हणणं जास्त खरं नाही का? (x−1) चं चिन्ह बदलतंच, फक्त दोन प्रती एकाच वेळी पालटतात आणि एकमेकींना खोडतात. तीन प्रती असतील तर दोन खोडल्या जातात आणि एक उरते. सम-विषम वेगळं पाठ करायलाच नको.

घोकंपट्टी

हे आवडलं. असं सांगितलं असतं तर मी पाठ केलं नसतं.

जुनाखडू

समजावताना उत्तम. लिहिताना मी कचरेन. ‘चिन्ह दोनदा बदलतं’ हे वाचून कुणीतरी मधला तुकडा शोधत बसेल, आकडेमोड यांच्यासारखा. तसंच ‘आलेख अक्षाला स्पर्श करतो’ हेही एकटं लिहू नका. तिहेरी मुळाशी आलेख अक्षाला स्पर्शही करतो आणि ओलांडतोही. ‘शिवून त्याच बाजूला परत फिरतो’ असं पूर्ण लिहा.

तिरकीमात्रा

मला अजूनही ‘दोनदा बदलतं’च पटतंय. असो.

कोरीवही

सध्या एवढं लिहिलंय: “एखादं मूळ सम वेळा आलं असेल, जसं दुहेरी, तर त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं चिन्ह एकच असतं, विषम वेळा आलं असेल, जसं एकेरी किंवा तिहेरी, तर ती चिन्हं वेगळी असतात. खुद्द मुळावर किंमत शून्य असते, म्हणून ते उत्तरात घ्यायचं की नाही हे बरोबरीच्या चिन्हावरून वेगळं ठरवायचं.” ‘बदलत नाही’ पूर्णच काढून टाकलं.

मागचाबाक यांचं उदाहरण त्याच्या खाली टाकतेय. ‘एकटा बिंदू’ म्हणू की ‘सुटा बिंदू’?

मागचाबाक

सुटा. माझा सुटलाच होता.