आजीचे जन्मसाल १८९४ कोणी ठरवले?

आत्या: वंशावळीच्या नव्या तक्त्यात आजीचे जन्मसाल १८९४ असे ठामपणे लिहिलेले पाहून आश्चर्य वाटले. हा आकडा कोठून आला? लिहिण्यापूर्वी मला विचारावे असे कोणाला वाटले नाही, ते असो.

थोरले काका: मृत्यूच्या दाखल्यावर १९७४ साली वय ८० लिहिले आहे. वजाबाकी मीच केली.

दादा: काका, क्षमा असावी, पण पणजीच्या जन्माचा कागद कोणाकडेच नव्हता, तेव्हा ते वय अंदाजानेच सांगितलेले असणार, आणि अशा अंदाजात ७०, ७५, ८० हेच आकडे वारंवार येतात. लग्न १९१२ चे, हे वहीत त्याच वेळी लिहिलेले आहे. तेथून मागे मोजू या.

वहिनी: मग किमान १४ वर्षे तरी वजा करावी लागतील ना? मुलीच्या लग्नाचा तसा कायदा होता.

दादा: तो कायदा १९२९ चा, आणि लागू झाला १ एप्रिल १९३० पासून, १९१२ च्या लग्नाला तो लावता येणार नाही. त्यापेक्षा घरातल्या त्याच सुमाराच्या लग्नांतील माहीत असलेली वये घ्यावीत. पणजीच्या दोन बहिणी आणि एक जाऊ यांची वये वहीत १०, ११ आणि १३ अशी मिळतात.

थोरले काका: दाखल्यावर ८० आहे.

आत्या: त्या ११ च्या जागी वहीत ‘बारावे लागले’ असे आहे, म्हणजे पूर्ण झालेली ११ वर्षेच धरायची, नाही तर तेथेच एका वर्षाची चूक होते.

दादा: बरोबर. म्हणजे जन्म १८९९ ते १९०२ च्या दरम्यान येतो. आता मुलांच्या जन्मसालांवरून पडताळू. पहिले मूल १९१७ चे, तेव्हा पणजी १५ ते १८ वर्षांची. शेवटचे १९४१ चे, तेव्हा ३९ ते ४२ वर्षांची. १८९४ धरले तर शेवटच्या बाळंतपणाला वय ४७ होते, आणि पंचेचाळिशीनंतर मूल होणे फार विरळ.

थोरले काका: विरळ म्हणजे अशक्य नव्हे. दाखल्यावर ८० स्पष्ट आहे.

धाकटे काका: थोरले बंधुराज, गेली सहा वर्षे आपणही सर्वांना स्वतःचे वय ७० च सांगत आहात.

वहिनी: मग पणजोबांचे जन्मसालही असेच काढता येईल का?

आत्या: नाही, आजोबा बिजवर होते. पहिल्या लग्नाच्या वेळचे नेहमीचे वय १९१२ मधून वजा केले तर ते बरीच वर्षे तरुण ठरतील. त्यांच्या पहिल्या लग्नाचे साल सापडेपर्यंत ती जागा रिकामीच ठेवा.

दादा: पणजीपुढे ‘सुमारे १९००, लग्नसालावरून अंदाज’ असे लिहितो, आणि १८९८ ते १९०३ अशी दोन्ही बाजूंना एकेक वर्षाची सैल मर्यादा कंसात देतो, कारण तीन बायकांची वये म्हणजे काही फार मोठा आधार नव्हे.

थोरले काका: हरकत नाही, परंतु दाखल्यावरचे ८० तळटीपेत राहिले पाहिजे.